ऑनलाइन सौदा पक्का कसा करायचा: ईमेल, डिजिटल सही आणि ‘मला मान्य आहे’चं बटण

ईमेलवर ठरलेला सौदा कायद्याला चालतो का, हा प्रश्न ऑनलाइन धंद्यात नव्याने उतरलेला प्रत्येक जण विचारतो. चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये दुरुस्ती होऊन कलम १०अ आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू आहे. प्रस्ताव किंवा स्वीकृती इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाली, एवढ्याच कारणावरून करार नाकारता येणार नाही, असं ते कलम सांगतं. बाकी सगळे नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्याचेच. दोघेही सज्ञान हवेत, राजीखुशीने होकार हवा, मोबदला हवा आणि हेतू कायदेशीर हवा.

भांडण सुरू होतं ते पैसे अडकल्यावर. तेव्हा समोरचा ‘ऑनलाइन करार चालत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हा मेल मी पाठवलेलाच नाही’, किंवा ‘मी मान्य केलं तेव्हा ही अट नव्हती’. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी तीन गोष्टींसाठी आहे. होकार कोणी दिला, नेमक्या कोणत्या मजकुराला दिला आणि कधी दिला, हे उद्या कोर्टात दाखवता आलं पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तासगावचा एक बेदाणा व्यापारी आणि बेंगळुरूतलं सुकामेव्याचं एक दुकान. दोघे प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत.

पायरी १: होकार पूर्ण आहे का ते बघा

तासगावहून मेल जातो: २,००० किलो बेदाणा, २४० रुपये किलो, ५०० किलोचे चार हप्ते, प्रत्येक हप्त्याचे पैसे माल पोचल्यापासून ३० दिवसांत, जीएसटी वेगळा. एकूण ४,८०,००० रुपयांचा सौदा. बेंगळुरूहून उत्तर येतं: ‘भाव मान्य. पेमेंट मात्र ४५ दिवसांनी करू.’

इथे बहुतेक जण आनंदाने गाडी भरतात. पण हा होकार नव्हे. करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते. त्यात एक अट बदलली की तो नवा प्रस्ताव होतो आणि चेंडू परत तासगावच्या अंगणात येतो. आता काहीच न लिहिता पहिला हप्ता रवाना केला, तर कलम ८ आडवं येतं. प्रस्तावाप्रमाणे कृती करणं हीसुद्धा स्वीकृती असते, त्यामुळे ४५ दिवस तुम्ही मान्य केले असा अर्थ निघू शकतो. मग ३१ व्या दिवशी पैशांसाठी फोन करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

म्हणून माल हलवण्याआधी एक शेवटचा मेल हवा, ज्यात सगळ्या अटी एकत्र असतील, आणि त्यालाच उत्तर म्हणून स्पष्ट होकार हवा. ‘ओके’ किंवा अंगठ्याचं चिन्ह यावर भागवू नका. ‘१२ तारखेच्या मेलमधल्या सर्व अटी मान्य’ एवढं एक वाक्य मागून घ्या. संकोच वाटतो हे खरं, पण याच एका वाक्याने ‘काय’ आणि ‘कधी’ हे दोन्ही प्रश्न मिटतात.

असा ईमेलवरचा होकार किती भक्कम ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात दाखवून दिलं. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ईमेलवर ठरला होता, पाच शिपमेंटचा सौदा पक्का असल्याचा मेल आला होता, पण सविस्तर करारपत्रावर सह्या व्हायच्या होत्या. खरेदीदार म्हणाला, सही नाही म्हणजे करार नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. महत्त्वाच्या अटींवर एकमत झालं की करार होतो, औपचारिक कागद नंतर व्हायचा राहिला म्हणून तो नाहीसा होत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. बोलणी चालू असताना तुम्हाला बांधून घ्यायचं नसेल तर मेलमध्ये तसं लिहा: ‘हा केवळ मसुदा आहे, दोघांच्या सह्या झाल्यावरच बंधनकारक होईल.’ हे लिहिलं नाही, तर तुमचा उत्साहाचा मेल उद्या होकार म्हणून समोर येऊ शकतो.

पायरी २: समोर खरंच कोण आहे

मेल पाठवणारा दुकानाचा मालक आहे की तिथला नुकताच लागलेला मुलगा? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ११ सांगतं की संदेश एखाद्याने स्वतः पाठवला, अधिकार असलेल्या माणसाने त्याच्या वतीने पाठवला, किंवा त्याने लावलेल्या यंत्रणेकडून आपोआप गेला, तर तो त्याचाच धरला जातो. यातला ‘अधिकार असलेला’ हा भाग तुम्हाला आधीच तपासून घ्यायचा आहे. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून धंद्याचं नाव आणि पत्ता जुळतो का ते बघा. कंपनी असेल तर संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतात. सही करणारा संचालक नसेल तर त्याला अधिकार दिल्याचं पत्र किंवा संचालक मंडळाचा ठराव मागा.

करारात दोन्ही बाजूंचा एकेक ईमेल पत्ता ठरवून लिहा. हे कलम १३ मुळे महत्त्वाचं आहे. पत्ता ठरलेला असेल तर मेल त्या खात्यात शिरला त्या क्षणी ‘मिळाला’ असं धरलं जातं. पत्ता ठरलेला असूनही तुम्ही दुसऱ्याच पत्त्यावर पाठवलात, तर समोरच्याने तो उघडून घेतल्यावरच मिळाला असं धरतात. मालाबद्दलची तक्रार सात दिवसांत कळवायची अशी अट असेल, तर हे सात दिवस कधी सुरू झाले नि कधी संपले ते यावरच ठरणार. त्याच कलमात असंही आहे की वेगळं ठरलं नसेल तर मेल तुमच्या धंद्याच्या ठिकाणाहून निघाला आणि समोरच्याच्या धंद्याच्या ठिकाणी पोचला असं मानायचं. तुम्ही तो गोव्यात सुट्टीवर असताना फोनवरून पाठवला, याने फरक पडत नाही.

पायरी ३: कोणती सही घ्यायची

पीडीएफवर सहीचं चित्र चिकटवणं, आधारवर चालणारं ई-साइन आणि पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनवरची डिजिटल सही या तिन्हींना लोक सरसकट ‘डिजिटल सही’ म्हणतात. कोर्टात मात्र तिघींचं वजन सारखं नाही.

चिकटवलेलं चित्र किंवा स्क्रीनवर बोटाने काढलेली रेघ याने करार रद्द होत नाही, कारण कलम १०अ ला सहीच लागते असं नाही. परदेशी सेवांवर नुसती क्लिक करून होणाऱ्या सह्याही साधारण याच वर्गात बसतात. पण समोरच्याने ‘ही सही माझी नाही’ म्हटलं, की ती त्याचीच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. मग मेलची साखळी, ओटीपीची नोंद, त्याने पाठवलेला ॲडव्हान्स असं सगळं गोळा करावं लागतं.

ई-साइन आणि टोकनवरची सही या कायद्याने मान्य केलेल्या पद्धती आहेत. दोन्ही पक्षांच्या अशा सह्या असलेला करार समोर आला, की त्या सह्यांनी तो झाला असं न्यायालय गृहीत धरतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे नव्या पुरावा कायद्याचं, कलम ८५ तसं सांगतं. म्हणजे पारडं फिरतं. आता सही खोटी आहे हे समोरच्याने दाखवायचं.

ई-साइन करायला सोपं आहे. सेवा देणाऱ्या संकेतस्थळावर पीडीएफ चढवायची, आधार क्रमांक किंवा त्याऐवजी चालणारा व्हीआयडी टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की सही उमटते. त्यासाठी तयार होणारं प्रमाणपत्र फक्त ३० मिनिटांचं असतं आणि सही तयार करणारी गुप्त खासगी किल्ली लगेच नष्ट केली जाते. पुढे कधी फाइल उघडल्यावर प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसली तर घाबरू नका; सही झाली त्या वेळी ते चालू होतं का, एवढंच बघायचं. अडचण वेगळीच आहे. ई-साइनमध्ये आधारवरचं माणसाचं नाव येतं, कंपनीचं येत नाही. तो माणूस कंपनीच्या वतीने सही करू शकतो की नाही, हे पायरी २ मधल्या अधिकारपत्रानेच कळतं.

टोकनवरची सही, म्हणजे डीएससी, परवानाधारक प्रमाणन संस्थेकडून मिळते. आता धंद्यासाठी क्लास ३ चंच प्रमाणपत्र असतं. क्लास २ देणं जानेवारी २०२१ पासून बंद झालं. संस्थेच्या नावासह प्रमाणपत्र घेतलं तर सहीत कंपनीचंही नाव दिसतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे एक सवय सर्रास आहे. टोकन कर सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड त्यावरच चिकटवलेल्या चिठ्ठीवर. सोय म्हणून हे चालतं, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीचा ताबा नीट ठेवणं ही सही ज्याच्या नावावर आहे त्याची जबाबदारी आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती पडल्याचं तुम्ही प्रमाणन संस्थेला कळवत नाही, तोवर दायित्व तुमचंच. त्या टोकनने कोणी कर्जाच्या कागदावर सही केली, तर ‘टोकन माझ्याकडे नव्हतं’ हे उत्तर पुरत नाही. टोकन स्वतःकडे ठेवा, सही करायची असेल तेव्हा स्वतः बसा, आणि हरवलं तर त्याच दिवशी लेखी कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्या.

पायरी ४: आलेली सही तपासा

बेंगळुरूहून सही केलेली पीडीएफ आली, तिच्यावर नाव आणि तारीख दिसते, म्हणून काम झालं असं नाही. फाइल ॲडोबी रीडरमध्ये उघडा. बऱ्याचदा सहीवर प्रश्नचिन्ह आणि ‘Validity Unknown’ दिसतं. याचा अर्थ सही खोटी आहे असा नव्हे. तुमच्या संगणकाला भारताच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख नाही, एवढाच. सहीवर उजवी क्लिक करून ‘Signature Properties’ मध्ये जा, मग ‘Show Signer's Certificate’. डावीकडे प्रमाणपत्रांची उतरंड दिसेल. सर्वात वर ‘CCA India’ आणि वर्ष असं नाव हवं; तो आपल्या देशाच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचा मूळ दाखला. त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे त्या प्रमाणपत्रावरून काढलेली अक्षर-अंकांची ओळ, नियंत्रकाच्या संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळतो का ते बघून, मगच ‘Trust’ मध्ये जाऊन ‘Add to Trusted Certificates’ करा आणि सही पुन्हा तपासा. वर ते नाव नसेल आणि माणसाचं स्वतःचंच नाव असेल, तर ते प्रमाणपत्र त्याने घरी बनवलेलं आहे. त्याला कोणाची ग्वाही नाही.

सही झाल्यावर मजकूर बदलला असेल तर सॉफ्टवेअर तसं स्पष्ट सांगतं. म्हणूनच ही फाइल जशीच्या तशी जपायची. प्रिंट काढून स्कॅन केली, किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, की हातात फक्त सहीचं चित्र उरतं. सही त्या फाइलमध्ये असते, कागदावर नसते. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.

पायरी ५: मुद्रांक आणि ज्यांना हे चालत नाही असे कागद

‘ऑनलाइन करार, मग स्टॅम्प कशाला?’ हा समज महाराष्ट्रात महागात पडतो. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात दस्तऐवजाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येतो. शुल्क किती, ते व्यवहाराच्या प्रकारावर आणि अनुसूची १ मधल्या नोंदीवर ठरतं. पूर्वी १०० रुपयांत होणाऱ्या अनेक कागदांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये लागतात. शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं असतं. ते ग्रास पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतं. शुल्क न भरल्याने करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही, आणि पैसे वसूल करायची घाई नेमकी तेव्हाच असते.

काही कागद मुळातच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या बाहेर आहेत. मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त इलेक्ट्रॉनिक करता येत नाही. मुखत्यारपत्र आणि वचनचिठ्ठीही साधारणपणे बाहेरच आहेत. २०२२ साली त्यात सवलत आली ती रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या अखत्यारीतल्या संस्थांपुरती. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार तेव्हा या यादीतून काढला, तरी नोंदणीचे नियम तसेच आहेत. घर, जमीन असेल तर वकिलाकडे जा.

पायरी ६: स्वतःच्या संकेतस्थळावरचं ‘मला मान्य आहे’

आता समजा, त्याच व्यापाऱ्याने किरकोळ विक्रीसाठी संकेतस्थळ उघडलं. प्रत्येक ग्राहकाशी मेलामेली शक्य नाही, म्हणून अटींखाली चौकोन आणि बटण येतं. हा करारही चालतो, फक्त ग्राहकाला अटी दिसल्या आणि त्याने स्वतः काही करून होकार दिला, हे दाखवता आलं पाहिजे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अटी लागू’ची लिंक ठेवून ‘संकेतस्थळ वापरलं म्हणजे मान्य’ म्हणणं हे फार कच्चं काम आहे. अमेरिकेत नेटस्केप या ब्राउझर कंपनीविरुद्धच्या खटल्यात २००२ साली अपील न्यायालयाने हेच कारण दिलं होतं: अटींची लिंक डाउनलोडच्या बटणाखाली, स्क्रोल केल्याशिवाय न दिसणारी होती, म्हणून वापरणाऱ्यांनी त्या मान्य केल्या असं मानता आलं नाही. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण तुमचं पान याच नजरेने तपासा.

चौकोन रिकामा ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच खूण केलेल्या चौकोनातून संमती नोंदवायला स्पष्ट मनाई आहे. अटींची लिंक बटणाच्या वर, मोबाइलच्या पडद्यावर सहज दिसेल अशी हवी. ग्राहकाला जड जाणारी अट, उदाहरणार्थ उघडलेलं पाकीट परत घेणार नाही, अटींच्या जंगलात न लपवता बटणाजवळच एका ओळीत लिहा.

मग येते नोंद, आणि इथेच बहुतेक छोटी दुकानं कमी पडतात. डेटाबेसमध्ये फक्त ‘मान्य: होय’ साठवून उपयोग नाही. कोणत्या मजकुराला होय, ते कुठे आहे? अटींच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्या, जुनी आवृत्ती कधीही पुसू नका आणि प्रत्येक होकारामागे निदान एवढं साठवा:

```
user_id, mobile_otp_verified, terms_version,
terms_sha256, accepted_at, ip_address, order_id
```

यातला terms_sha256 म्हणजे अटींच्या मजकुराचा हॅश; हॅश म्हणजे काय ते पायरी ७ मध्ये येतं. होकारानंतर अटींची पीडीएफ ग्राहकाला मेलने पाठवा. अटी बदलल्या की पुन्हा होकार घ्या. ‘आम्ही अटी कधीही बदलू, तुम्ही पाहत राहा’ या वाक्यावर विसंबून राहू नका.

क्लिक कितीही व्यवस्थित नोंदवलं तरी काही अटी टिकत नाहीत. दावा करायची कायदेशीर मुदत कमी करणारी अट करार कायद्याच्या कलम २८ ने निरर्थक ठरते. फक्त सांगलीच्या कोर्टातच तक्रार करता येईल असं लिहिलंत, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडे जाऊ शकतो. लवादाची अटही त्याला ग्राहक आयोगापासून रोखू शकत नाही. अवाच्या सवा दंड किंवा कारण न देता करार मोडायचा एकतर्फी हक्क हे ‘अनुचित करारा’त मोडतं आणि राज्य आयोग ते रद्दबातल ठरवू शकतो. समोरचा १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्याशी करारच होत नाही, मग त्याने कितीही वेळा क्लिक केलेलं असो. अशा अटी घालून काही मिळत नाही, उलट आयोगासमोर तुमच्या चांगल्या अटींवरचाही विश्वास उडतो.

पायरी ७: पुरावा आजच बांधून ठेवा

तासगाव-बेंगळुरू सौद्यात तिसऱ्या हप्त्याचे १,२०,००० रुपये अडकले असं धरू. कोर्टात मेलची प्रिंट नेली तर ती प्रत ठरते, आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब करत असे. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या एका निवडणूक वादात ठामपणे सांगितलं. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत उपकरणाचा तपशील आणि फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेली अक्षर-अंकांची एक ओळ. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते.

करार झाला त्याच दिवशी तो काढून ठेवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
certutil -hashfile karar.pdf SHA256
```

आलेली ओळ फाइलच्या नावासह समोरच्याला मेल करा: ‘आज सह्या झालेल्या कराराचा हॅश हा.’ मूळ मेल खात्यातून पुसू नका, फॉरवर्ड केलेली प्रत मूळची जागा घेत नाही. व्हॉट्सॲपवर बोलणी झाली असतील तर नुसते स्क्रीनशॉट न ठेवता संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकण्याआधी विचार करा, कारण प्रमाणपत्रात त्याच फोनचा आयएमईआय लिहावा लागेल. माल मिळाल्याची पोच, ट्रान्सपोर्टची बिल्टी, आधीच्या दोन हप्त्यांचे बँकेत आलेले पैसे हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्या दोन हप्त्यांचे पैसे ३० दिवसांच्या आत आले असतील, तर ‘आमचं ४५ दिवसांचं ठरलं होतं’ हे म्हणणं त्या बँक नोंदींसमोर टिकणं अवघड आहे. पैसे मागायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, तेव्हा हे फोल्डर निदान तेवढा काळ, दोन वेगळ्या ठिकाणी, जपून ठेवा.